तेवीस माणसं आणि एक सामायिक वाढदिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमका दावा काय आहे?

एका खोलीत २३ माणसं असतील, तर त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची शक्यता ५०.७ टक्के असते. २२ माणसं असताना हाच आकडा ४७.६ टक्के असतो. म्हणजे तेविसावा माणूस आत आला की पारडं ‘जुळण्याच्या’ बाजूला झुकतं.

इथे वाढदिवस म्हणजे फक्त दिवस आणि महिना, जन्मसाल धरायचं नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून तीन गोष्टी गृहीत धरतात. वर्षाचे दिवस ३६५, प्रत्येक दिवशी जन्म होण्याची शक्यता सारखी, आणि खोलीतल्या माणसांच्या जन्मतारखांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ही गृहीतकं पूर्ण खरी नाहीत, पण त्यामुळे काय फरक पडतो ते पुढे येईलच. या प्रश्नाचं एक रूप रिचर्ड फॉन मीझेस या गणितज्ञाने १९३९ मध्ये मांडलं होतं, आणि तेव्हापासून संभाव्यतेच्या वर्गात तो हमखास विचारला जातो.

वर्षात ३६५ दिवस असताना २३ माणसं कशी पुरतात? निदान १८० तरी लागायला हवीत ना?

१८० हा आकडा जवळजवळ प्रत्येकाच्या मनात येतो आणि तो येण्यामागे कारण आहे. ३६५ चौकोनांचं कॅलेंडर आपण डोळ्यांसमोर आणतो, त्यातले निम्मे चौकोन भरले की निम्मी शक्यता झाली असं वाटतं. हा विचार एका वेगळ्या प्रश्नाला लागू पडतो. अर्धं कॅलेंडर भरलेलं असेल तर नव्याने येणाऱ्या एका माणसाची तारीख भरलेल्या चौकोनात पडण्याची शक्यता निम्मी असते, हे बरोबरच आहे. पण आपला प्रश्न शेवटच्या एका माणसाबद्दल नाही. त्याच्या आधी आलेल्यांपैकी कोणाचंही कोणाशीही जुळलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून मोजायच्या त्या माणसांच्या जोड्या. २३ जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन करायचं ठरवलं तर किती वेळा हात मिळवले जातील? प्रत्येकजण उरलेल्या २२ जणांशी हात मिळवतो, म्हणून २३ गुणिले २२, आणि प्रत्येक हस्तांदोलन दोनदा मोजलं गेलं म्हणून भागिले २. उत्तर २५३. जुळण्याची संधी २३ वेळा नाही, २५३ वेळा मिळते. एका जोडीची तारीख जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये १ एवढी छोटी आहे खरी, पण ती छोटी संधी २५३ वेळा आली की मामला निम्म्यावर येतो यात नवल उरत नाही.

माणसं वाढतात त्यापेक्षा जोड्या फार वेगाने वाढतात, हीच या सगळ्याची किल्ली आहे. १० माणसांत ४५ जोड्या होतात आणि २० माणसांत १९०. माणसं दुप्पट झाली, जोड्या चौपटीहून जास्त झाल्या.

नेमका हिशेब करून दाखवाल का?

जुळण्याची शक्यता थेट काढायला गेलं की गुंता होतो, कारण एक जोडी जुळेल, दोन जुळतील, तिघांचं एकत्र जुळेल, असे असंख्य प्रकार हाताळावे लागतात. उलट बाजूने गेलं की वाट सरळ होते. कोणाचंच कोणाशी जुळत नाही, याची शक्यता काढायची आणि ती १ मधून वजा करायची.

माणसं एकेक करून आत येताहेत असं समजा. पहिल्याला कुठलीही तारीख चालते. दुसऱ्याने पहिल्याची तारीख टाळायची, म्हणून त्याच्यासाठी ३६५ पैकी ३६४ दिवस मोकळे. तिसऱ्याने दोन तारखा टाळायच्या, त्याला ३६३ दिवस मोकळे. चौथ्याला ३६२. हे अपूर्णांक गुणत जायचं:

३६४/३६५ × ३६३/३६५ × ३६२/३६५ × … × ३४३/३६५

शेवटचा अपूर्णांक तेविसाव्या माणसाचा. त्याच्या आधी २२ तारखा अडलेल्या, म्हणून ३४३ मोकळ्या.

आता गुणाकार कसा उतरत जातो ते बघण्यासारखं आहे. दुसरा माणूस आल्यावर ‘कोणाचंच जुळलेलं नाही’ याची शक्यता ०.९९७. पाचव्यानंतर ०.९७३. इथवर काही घडतंय असं वाटतच नाही. दहाव्यानंतर ०.८८३, पंधराव्यानंतर ०.७४७, विसाव्यानंतर ०.५८९. एकविसाव्यानंतर ०.५५६, बाविसाव्यानंतर ०.५२४, आणि तेविसाव्यानंतर ०.४९३. एक वजा ०.४९३ म्हणजे ०.५०७. हेच आपले ५०.७ टक्के.

एकही अपूर्णांक लहान नाही हे लक्षात घ्या. सगळ्यात छोटा, ३४३/३६५, तोही ०.९४ आहे. एकेका पावलाला धोका जेमतेम सहा टक्क्यांपर्यंतचा. पण ०.९९, ०.९७, ०.९५ असे एकाहून किंचित कमी असलेले बावीस आकडे एकमेकांना गुणले की उत्तर निम्म्याखाली घसरतं. माझ्या मते जोड्यांचा मुद्दा समजला तरी मनाला पूर्ण पटतं ते हा गुणाकार स्वतःच्या हाताने एकदा केल्यावरच. साधा कॅल्क्युलेटर पुरतो, पाच मिनिटांचं काम आहे.

मग २५३ भागिले ३६५ करून थेट उत्तर का काढू नये?

कारण २५३/३६५ म्हणजे ०.६९३, आणि ती शक्यता नाही. ती आहे जुळणाऱ्या जोड्यांची सरासरी संख्या. २३ जणांच्या पुष्कळ खोल्या पाहिल्या, तर दर खोलीमागे सरासरी ०.६९ जोड्या जुळलेल्या सापडतील. पण काही खोल्यांत दोन किंवा तीन जोड्या निघतात आणि काहींत एकही नाही. दोन जोड्यांची खोली सरासरीत दोनदा मोजली जाते, ‘जुळलं का?’ या प्रश्नाच्या उत्तरात मात्र एकदाच.

हा भागाकार शक्यता नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: २८ माणसांत ३७८ जोड्या होतात. ३७८ भागिले ३६५ केलं तर एकाहून मोठी संख्या येते, आणि शक्यता एकाहून जास्त कधीच असू शकत नाही. २८ माणसांसाठी खरं उत्तर ६५ टक्के आहे.

जोड्यांवरून उत्तराजवळ जायचंच असेल तर ३६४/३६५ ही संख्या स्वतःशी २५३ वेळा गुणा. उत्तर ०.४९९५ येतं, म्हणजे जुळण्याची शक्यता ५०.०५ टक्के. खऱ्या ५०.७ च्या अगदी जवळ, पण तंतोतंत तेच नाही. थोडा फरक राहतो कारण जोड्या एकमेकींपासून पूर्ण सुट्या नसतात. पहिल्याचं दुसऱ्याशी जुळलं आणि दुसऱ्याचं तिसऱ्याशी जुळलं, तर पहिल्याचं तिसऱ्याशी जुळणारच. तिथे तिसऱ्या जोडीला स्वतःचा निकाल उरत नाही.

माझ्या आजवरच्या आयुष्यात माझ्या तारखेचा माणूस क्वचितच भेटला. मग हा दावा खरा कसा?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बहुतेकांची अडचण इथेच असते. ‘खोलीत कोणाचं तरी कोणाशी तरी जुळेल’ आणि ‘खोलीत कोणाचं तरी माझ्याशी जुळेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण पहिला ऐकतो आणि मनातल्या मनात दुसऱ्याचं उत्तर देतो.

२३ जणांच्या खोलीत तुम्ही एक असाल, तर तुमच्या वाट्याला २५३ पैकी फक्त २२ जोड्या येतात. उरलेल्या २३१ जोड्यांत तुम्ही नसताच. तुमच्याशी कोणाचं तरी जुळण्याची शक्यता ५.९ टक्के निघते, म्हणजे अशा सतरा खोल्यांत जेमतेम एकदा. तुमचा अनुभव हिशेबाला धरूनच आहे.

तुमच्याच तारखेचा माणूस भेटण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर तुमच्याखेरीज २५३ माणसं हवीत. ३६५ जण भेटले तरी ती ६३ टक्क्यांपर्यंतच जाते, कारण त्या ३६५ जणांत अनेकांच्या तारखा आपापसांतच जुळलेल्या असतात आणि कॅलेंडरवरचे बरेच दिवस कोरे राहतात.

इथे २५३ हा आकडा पुन्हा आला तो योगायोगाने नव्हे. ३६५ पैकी १ अशी संधी साधारण २५३ वेळा मिळाली की एकदा तरी जुळण्याची शक्यता निम्मी होते. एकट्या माणसाला त्या २५३ संधी मिळवायला २५३ अनोळखी माणसं भेटावी लागतात. २३ जणांना मात्र त्या आपापसांतच मिळतात.

हे प्रत्यक्षात कुठे तपासलं गेलं आहे का?

सुदैवाने फुटबॉलच्या विश्वचषकात अगदी योग्य आकाराचे गट तयार मिळतात. २०१४ च्या स्पर्धेत ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात बरोबर २३ खेळाडू. खेळाडूंच्या जन्मतारखा अधिकृत यादीत छापलेल्या असतात.

हिशेबाप्रमाणे ३२ पैकी १६ च्या आसपास संघांत किमान एक जोडी जुळायला हवी. यादी तपासल्यावर निघाले बरोबर १६ संघ. त्यांपैकी अर्जेंटिना, फ्रान्स, इराण, दक्षिण कोरिया आणि स्वित्झर्लंड या पाच संघांत दोन-दोन जोड्या होत्या, आणि ब्राझील, स्पेन, नेदरलँड्स यांच्यासह अकरा संघांत एकेक. एकूण जोड्या २१. वर जी सरासरी काढली, दर खोलीमागे ०.६९३, तिला ३२ ने गुणलं की २२ येतात. दोन्ही आकडे असे हिशेबाशेजारी येऊन बसलेले पाहून मला फार आनंद झाला होता.

पण नेमके १६ आले यावर फार भर देऊ नये. १३ आले असते किंवा १९ आले असते तरी हिशेब चुकला असं म्हणता आलं नसतं, ३२ संघांत तेवढी चढउतार नेहमीचीच. दोन किंवा तीस आले असते तर मात्र गृहीतकं पुन्हा तपासावी लागली असती.

आम्ही करून पाहिलं, एकही जोडी जुळली नाही. का?

दोन शक्यता आहेत.

पहिली, काहीच चुकलेलं नाही. २३ जणांच्या खोलीत न जुळण्याची शक्यता ४९.३ टक्के आहे. लागोपाठ तीन वेगवेगळ्या गटांत एकही जोडी न निघण्याची शक्यताही १२ टक्के, म्हणजे आठातून एकदा असं होतंच. ४० माणसांचा गट असेल तरी साधारण नऊ गटांमागे एक कोरा जातो.

दुसरी शक्यता तपासण्याच्या पद्धतीची. पुष्कळदा विचारणारा स्वतःची तारीख सांगतो, ‘कोणाची आहे का ही?’ म्हणतो, आणखी दोघा-तिघांच्या तारखा विचारतो आणि कोणी हात वर केला नाही की थांबतो. त्याने २५३ पैकी साठ ते ऐंशी जोड्याच तपासलेल्या असतात. बरोबर पद्धत अशी की महिन्याचं नाव पुकारायचं, त्या महिन्यातल्या सगळ्यांनी आपापला दिनांक मोठ्याने सांगायचा, आणि बाराही महिने पुरे होईपर्यंत थांबायचं नाही. २३ जणांत दर महिन्याला सरासरी दोनच माणसं येतात, त्यामुळे वेळही लागत नाही. तारखा आधी चिठ्ठीवर लिहून घेतल्या तर आणखी चांगलं.

जन्म वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. मग सगळा हिशेबच कोसळत नाही का?

नाही, उलट जुळण्याची शक्यता वाढते. जन्म काही महिन्यांत जास्त आणि काहींत कमी होतात हे खरं आहे. पण सगळे दिवस सारखे असणं ही जुळण्याच्या दृष्टीने सगळ्यात प्रतिकूल स्थिती आहे, हे गणिताने सिद्ध करता येतं. त्यापासून कुठल्याही दिशेने ढळलात तरी जुळणं सोपंच होतं.

टोकाचं उदाहरण घ्या. समजा सगळे जन्म वर्षाच्या अर्ध्या भागातच, १८२ दिवसांतच, होतात. मग निम्म्या शक्यतेसाठी १७ माणसं पुरतात. खऱ्या जगातली असमानता एवढी मोठी नसते, त्यामुळे उत्तर साधारण २३ वरच राहतं.

जिथे खरी जन्मतारीख माहीत नसताना नोंदीत सोयीची ठरावीक तारीख टाकली जाते, तिथे मात्र जोड्या भराभर जुळतात. एकाच तारखेवर संशयास्पद गर्दी दिसली तर ती नोंदणीची करामत समजावी. गटात जुळी भावंडं असतील तर तो गट या प्रयोगाला चालणारच नाही.

आणि २९ फेब्रुवारी?

ती तारीख धरली तर एक दिवस वाढतो आणि शक्यता अगदी किंचित घटते. २९ फेब्रुवारी इतर दिवसांइतकीच शक्य मानली, म्हणजे वर्ष सरळ ३६६ दिवसांचं धरलं, तरी २३ माणसांसाठी उत्तर ५०.६ टक्के येतं. आकडा २३ च राहतो.

पूर्ण खात्रीसाठी किती माणसं हवीत?

३६७. लीप वर्षातली तारीख धरून ३६६ दिवस, आणि प्रत्येक दिवशी एकेक माणूस बसला तरी पुढच्याला जागा नाही. पण ‘जवळजवळ खात्री’ फार लवकर येते: ३० माणसांत ७१ टक्के, ५० मध्ये ९७ टक्के, ५७ मध्ये ९९ टक्के, ७० मध्ये ९९.९ टक्के.

माणसं एकेक करून आत येत असतील, तर पहिली जोडी जुळवणारा बहुधा कितवा असतो?

विसावा. मागे उभं राहिलं की पुढे अडलेल्या तारखा जास्त, म्हणून जुळण्याची संधी मोठी. पण फार मागे राहिलात तर तुमची पाळी येण्याआधीच दुसऱ्या कोणाचं तरी जुळून गेलेलं असतं. या दोन्ही गोष्टींचा मेळ विसाव्या जागेवर सगळ्यात चांगला बसतो. तिथली शक्यता ३.२ टक्के आहे. विसाव्याआधी कोणाचंच जुळलेलं नाही याची शक्यता ०.६२१, आणि त्याची तारीख आधीच्या १९ पैकी एक असण्याची १९/३६५, या दोन संख्यांचा तो गुणाकार आहे.

तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्यासाठी?

निम्म्या शक्यतेसाठी ८८ माणसं. २३ जणांत तिघांचे १,७७१ गट होतात, पण तिघांची तारीख एक असण्याची शक्यता १,३३,२२५ मध्ये १ एवढी कमी असल्याने तिथे ती सव्वा टक्क्याच्या आसपासच राहते. दोघांचं जुळलं तर आश्चर्य वाटायला नको, पण छोट्या गटात तिघांचं जुळलं तर ते खरंच नवल आहे.

उलट दोघांसाठीची अट सैल केली, तारीख तीच किंवा लागून पुढची-मागची चालेल असं म्हटलं, तर निम्म्या शक्यतेसाठी १४ माणसं पुरतात.

हा प्रकार वाढदिवसांपुरताच आहे का?

नाही, आणि जिथे तो खरोखर नुकसान करतो ती जागा सांगतो. समजा एखादा प्रोग्रॅमर ग्राहकांना सहा अंकी कोड यादृच्छिकपणे वाटतो. कोड दहा लाख आहेत आणि ग्राहक हजार-बाराशे, तेव्हा दोघांना एकच कोड जायचा प्रश्नच नाही असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात ग्राहक ११७८ झाले की एक तरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर पोचते. चार अंकी कोडसाठी तर ११९ माणसं पुरतात.

ढोबळ नियम असा: पर्यायांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १.१८ ने गुणा. ३६५ चं वर्गमूळ १९.१, त्याला १.१८ ने गुणलं की साडेबावीस. याच कारणाने कोडमध्ये एक अंक वाढवला की पर्याय दहापट होतात, पण टक्कर होण्याआधी वाटता येणारे कोड तिपटीहून थोडेच जास्त वाढतात. म्हणून कोड वाटताना तो आधी कोणाला दिलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासायलाच हवं. नुसत्या नशिबावर सोडायचं असेल तर अंक भरपूर वाढवावे लागतात.

गणितावर विश्वास बसत नाही. स्वतः पडताळता येईल का?

येईल. पायथनमध्ये एवढंच लिहा:

```python
import random

def jodi(n):
    t = [random.randrange(365) for _ in range(n)]
    return len(set(t)) < n

k = 100000
print(sum(jodi(23) for _ in range(k)) / k)
```

हा प्रोग्रॅम २३ जणांच्या एक लाख खोल्या बनवतो आणि त्यांपैकी किती खोल्यांत तारीख जुळली ते सांगतो. उत्तर ०.५०७ च्या आसपास येईल, दर वेळी तिसऱ्या दशांश स्थळात थोडं इकडेतिकडे होईल. ते ०.५ च्या खाली आलं तर बहुधा 23 च्या जागी 22 टाइप झालेलं असतं. 23 बदलून 57 करा, किंवा 365 च्या जागी 10000 टाकून 119 माणसं घ्या आणि वरचे आकडे एकेक करून तपासून पाहा.